मिरचीची पाने वर वळली म्हणजे व्हायरसच का? फुलकिडे, कोळी आणि विषाणू ओळखायचे कसे?

मिरचीची पाने आकसली की महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एकच निदान होते: ‘चुरडा-मुरडा आला’ किंवा ‘बोकड्या पडला’. अडचण अशी, की या एका नावाखाली तीन वेगवेगळी कारणे लपलेली असतात. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स, कोळी म्हणजे माईट्स आणि पांढऱ्या माशीतून येणारा लीफ कर्ल विषाणू. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. निदान चुकले तर फवारणीचे पैसे जातात आणि पाने मात्र आकसलेलीच राहतात.

पान कुठल्या बाजूला वळले?

पहिली खूण सोपी आहे. पानाच्या कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसत असेल, देठ लांबलेला असेल आणि पान गडद, जाडसर व ठिसूळ झाले असेल, तर संशय कोळ्यावर घ्यावा. फुलकिडे आणि विषाणू या दोन्हींत मात्र पान वरच्या बाजूला वळते. त्यामुळे खरा गोंधळ या दोघांमध्येच होतो आणि नुसता वरून फोटो काढून तो सुटत नाही.

पान उलटून पाहा

फुलकिडे कोवळे पान खरवडून त्यातला रस शोषतात. म्हणून पानाच्या खालच्या बाजूला, विशेषतः शिरांच्या कडेने, चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात. खात्रीसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर धरून चार-पाच वेळा टिचकी मारावी. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे पिवळसर, बारीक किडे कागदावर पळताना दिसले, तर ते फुलकिडे.

कोळी इतका बारीक असतो, की तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. कोवळ्या पानाच्या मागे पिवळसर, काचेसारखे ठिपके हलताना दिसतात.

विषाणू असेल तर ओरखडे नसतात. पान लहान राहते, शिरा जाडसर दिसतात आणि शिरांमधला भाग पिवळट पडतो. पेरे आखूड होतात, झाड झुडपासारखे खुजे राहते आणि फुले-फळे कमी धरतात. झाड हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडाल्या तर संशय वाढतो. पण माशी आपले काम करून निघूनही गेलेली असू शकते, कारण लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

तरीही खात्री होत नसेल तर?

समजा, लागवडीला दीड महिना झालेल्या प्लॉटमध्ये काही झाडांची पाने वर वळली आहेत. कागदावर फुलकिडे पडले, पण काही झाडे खुजीही आहेत. दोन्ही प्रश्न एकाच वेळी असू शकतात. अशा वेळी दहा झाडांच्या शेंड्याखाली दोरा बांधावा, फुलकिड्यांची फवारणी करावी आणि दहा-बारा दिवस थांबावे. जुनी पाने सरळ होणार नाहीत, त्यामुळे ती पाहून निकाल लावू नये. दोऱ्याच्या वर आलेली नवी पाने पाहावीत. कागदावर किडे पडायचे थांबले आणि नवी पाने सपाट आली, तर दोष फुलकिड्यांचा होता. किडे नसतानाही नवे पान लहान, पिवळट आणि वळलेलेच आले, तर ते झाड विषाणूग्रस्त समजावे.

मग उपाय काय?

फुलकिड्यांसाठी सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. प्रादुर्भाव वाढल्यास स्पिनोसॅडसारखे कीटकनाशक वापरले जाते. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे. त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारख्या नेहमीच्या कीटकनाशकाने तो मरत नाही. त्याला पाण्यात मिसळणारे गंधक किंवा स्पायरोमेसिफेनसारखे कोळीनाशक लागते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारल्यास कोळी खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी उलट वाढतो. कोणत्याही औषधाचे प्रमाण आणि शेवटची फवारणी ते तोडणी यांतले अंतर लेबलवर पाहूनच ठरवावे.

विषाणू झालेले झाड बरे करणारे औषध नाही. झाडे मोजकीच असतील तर लवकर उपटून नष्ट करावीत, म्हणजे माशीला विषाणू उचलायला जागा उरत नाही. फवारणी करायची ती माशी आवरण्यासाठी, आजारी झाड वाचवण्यासाठी नाही.

सर्वांत जास्त नुकसान रोपवयात लागण झाल्यास होते. म्हणून रोपवाटिकेवर बारीक जाळी, प्लॉटभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी आणि पिवळे चिकट सापळे ही तयारी लागवडीच्या आधीपासूनच हवी.