बारा व्होल्टचे पाच, पण उष्णता न करता

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, आणि साधा यूएसबी चार्जर मोबाइलला देतो ५ व्होल्ट. मधले ७ व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवेत, असं कुणालाही वाटेल. ७८०५ नावाची जुनी, तीन पायांची चिप अगदी तेच करते. मोबाइलने १ अँपिअर करंट ओढला, तर मोबाइलला मिळतात ५ वॅट आणि चिपमध्ये नुसती उष्णता होऊन जातात ७ वॅट. अॅल्युमिनियमच्या मोठ्या हीटसिंकशिवाय ती चिप टिकत नाही.

बक कन्व्हर्टर व्होल्टेज जिरवत नाही. तो बॅटरी सतत चालू-बंद करत राहतो. स्विच बंद असतो तेव्हा त्यातून करंटच जात नाही. पूर्ण चालू असतो तेव्हा करंट जातो, पण त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास नसतं. वाया जाणारी वीज म्हणजे या दोहोंचा गुणाकार, म्हणून दोन्ही वेळा ती नगण्य. ७८०५ मात्र कायम अर्धवट उघडी असते, तिथेच ती तापते.

अडचण अशी, की मोबाइलला १२ आणि शून्य व्होल्टचे धक्के देऊन चालत नाही. इथे इंडक्टर लागतो. फेराइट किंवा लोहभुकटीच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळली की इंडक्टर तयार होतो. त्यातला करंट एकदम वाढत नाही, एकदम थांबतही नाही. कुंभार काठीने चाकाला अधूनमधून गती देतो आणि काठी उचलल्यावरही चाक फिरत राहतं, तसंच हे. फक्त इथे ऊर्जा साठते ती गाभ्याच्या चुंबकीय क्षेत्रात.

बाजारात सहज मिळणाऱ्या एलएम २५९६ या चिपचं उदाहरण घेऊ. ती सेकंदाला दीड लाख वेळा स्विच करते, म्हणजे एक फेरा सुमारे ६.७ मायक्रोसेकंदांचा. त्यातले २.८ मायक्रोसेकंद स्विच चालू असतो. तेव्हा इंडक्टरच्या एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला ५ व्होल्ट. या ७ व्होल्टच्या फरकामुळे ३३ मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरमधला करंट ०.७ वरून १.३ अँपिअरवर चढतो. मग स्विच बंद होतो. चुंबकीय क्षेत्र ओसरू लागतं आणि तेच करंटला पुढे रेटतं. बॅटरीकडची वाट बंद असल्याने तो डायोडमधून वळसा घेतो आणि उरलेल्या ३.९ मायक्रोसेकंदांत पुन्हा ०.७ वर उतरतो. सरासरी राहते १ अँपिअर. उरलेली चढउतार शेवटचा कपॅसिटर सपाट करतो.

बॅटरीतून करंट फक्त चालू काळात निघतो. त्यामुळे आदर्श स्थितीत तिच्यावरचा भार सरासरी ०.४२ अँपिअरच पडतो. १२ गुणिले ०.४२ म्हणजे ५ वॅट. जेवढे घेतले तेवढे दिले.

इंजिन सुरू झालं की बॅटरीचं व्होल्टेज १४ पर्यंत चढतं. चिप बाहेरचं व्होल्टेज सतत तपासत असते. ते वाढू लागताच ती चालू काळ २.४ मायक्रोसेकंदांवर आणते आणि मोबाइलला ५ व्होल्टच मिळत राहतात.

एवढी घाई कशाला? स्विचिंग हजारपट सावकाश केलं, तर करंटची चढउतार तेवढीच ठेवायला इंडक्टर हजारपट मोठ्या मूल्याचा लागेल. बोटाच्या पेराएवढ्या कॉइलच्या जागी बराच जड गोळा येईल.

प्रत्यक्षात एलएम २५९६ची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास असते. चिपमधल्या ट्रान्झिस्टरवर सुमारे १ व्होल्ट आणि डायोडवर त्याहून थोडं कमी व्होल्टेज पडतं, त्याची ही किंमत. म्हणजे ७ वॅटऐवजी सव्वा वॅटच्या आसपास उष्णता. नव्या चिपांमध्ये डायोडच्या जागीही मॉसफेट असतो आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांपलीकडे जाते.

दुरुस्तीत नेहमी घोळ होतो तो डायोडचा. मूळ शॉटकी डायोड जळला की हाताशी असलेला १एन ४००७ लावला जातो. व्होल्टेज येतं, पण डायोड हात लावू न देण्याइतका तापतो. पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेल्या या डायोडला उलट करंट थोपवायलाच काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात इथला अख्खा फेरा संपत येतो.

दुसरा दोष लहान इंडक्टरचा. करंट मर्यादेबाहेर गेला की गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि कॉइल साध्या तारेसारखी वागू लागते. ऑसिलोस्कोपवर करंटची सरळ चढण टोकाशी अचानक वर वळलेली दिसली, तर इंडक्टर बदलायला हवा. चिप बदलून उपयोग नाही.