नोटीस पीरियडच्या रकान्यातच अर्ज बाद

ऑनलाइन नोकरी-अर्जातील काही प्रश्न ‘नॉकआउट’ स्वरूपाचे असतात. भरती अधिकारी जाहिरात देतानाच उत्तराची मर्यादा ठरवतो; ती ओलांडल्यास संगणकप्रणाली अर्ज नाकारते आणि बायोडेटा उघडलाही जात नाही.

समजा, नोटीस पीरियडची मर्यादा ३० दिवसांची आहे. उमेदवाराच्या करारात ९० दिवस आहेत. मात्र राजीनामा देऊन ६५ दिवस उलटले आहेत. करारानुसार ‘९०’ लिहिताच तो बाद ठरतो. उरलेल्या २५ दिवसांचा उल्लेख बायोडेटात असूनही व्यर्थ, कारण रकान्यातला केवळ आकडाच तपासला जातो. राजीनामा दिलेल्याने उर्वरित दिवस लिहिणे वस्तुस्थितीला धरूनच असते.

नकाराचा ईमेल काही मिनिटांत आल्यास कारण बहुधा हेच. उशिरा आलेल्या ईमेलवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. तो मुद्दाम विलंबानेही पाठवता येतो.