लग्नानंतरचं नाव आणि पीएफचा दावा

समजा, भोपाळच्या गोविंदपुऱ्यात नोकरी करणारी मीनल रमेश जोशी लग्नानंतर मीनल अमित कुलकर्णी झाली. मराठी घरात मधलं नावही बदलतं, त्यामुळे नुसतं आडनाव दुरुस्त करून भागत नाही. तिने बँकेत नवं नाव लावलं, पण पीएफच्या यूएएन खात्यात जुनंच राहिलं. मग पैसे काढायचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत येतो.

सुरुवात आधारपासून करावी, कारण पीएफचं नाव आधारशीच ताडलं जातं. विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधार बदलावं; नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग नीट तपासा. मग पॅन आणि बँक. शेवटी यूएएन पोर्टलवर संयुक्त घोषणापत्र, म्हणजे जॉइंट डिक्लरेशन, भरावं. आधार-पडताळणी झालेला यूएएन 1 ऑक्टोबर 2017 चा किंवा त्यानंतरचा असेल, तर जानेवारी 2025 पासून नाव स्वतःच दुरुस्त करता येतं. त्याआधीच्याला कंपनीची मंजुरी लागते. म्हणून जुनी कंपनी बंद पडण्याआधीच हे उरकून घ्या. आणि लग्नानंतर जुनंच नाव ठेवलंत, तर यातलं काहीच करावं लागत नाही. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती नाही.