न्यूटनचे वय आणि गाळलेले अकरा दिवस

१७५२ साली इंग्लंडमध्ये बुधवार, २ सप्टेंबरनंतरचा दिवस गुरुवार, १४ सप्टेंबर म्हणून उजाडला. मधल्या अकरा तारखा कायद्याने गाळल्या. युरोपातले बहुतेक देश तोवर ग्रेगोरियन पंचांग वापरत होते. इंग्लंड मात्र जुन्या ज्युलियन गणनेला धरून होते आणि दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर पडले होते. त्याच कायद्याने आणखी एक बदल केला. तोपर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, ते १ जानेवारीवर आणले. परिणामी १७५१ हे साल २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपले. ते जेमतेम २८२ दिवसांचे भरले.

जुन्या नोंदींवरून एखाद्याचे वय काढताना या दोन बदलांपैकी अकरा दिवसांचीच चर्चा जास्त होते. खरी मोठी चूक मात्र वर्षारंभामुळे होते, कारण तिथे हिशेब थेट एका वर्षाने हुकतो.

१७५२ पूर्वीच्या इंग्लिश चर्चच्या नोंदवहीत २४ मार्च १७२० च्या पुढचा दिवस २५ मार्च १७२१ असतो. म्हणजे आज जो काळ जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस म्हणून वर्षाच्या आरंभी येतो, तो तेव्हा वर्षाच्या शेवटी येत असे. समजा, एका बाळाचा बाप्तिस्मा १० एप्रिल १७२० ला झाला आणि दफन ५ फेब्रुवारी १७२० ला. आजच्या डोळ्यांना ही नोंद अशक्य वाटते. नोंद बरोबरच आहे, फक्त ते दफन आजच्या भाषेत फेब्रुवारी १७२१ मधले आहे आणि बाळ साधारण दहा महिन्यांचे होते. अशी उघड विसंगती दिसली तर वाचणारा थांबतो तरी. पण माणूस नोव्हेंबर १६६० मध्ये जन्मला आणि फेब्रुवारी १७२० मध्ये गेला, असे लिहिलेले असेल तर खटकण्यासारखे काहीच दिसत नाही. वय ५९ निघते आणि एक वर्ष निसटते.

रोजच्या व्यवहारात बरेच लोक १ जानेवारीलाही नवे वर्ष मानत, त्यामुळे काळजीपूर्वक लिहिणारे कारकून या तीन महिन्यांसाठी दोन्ही साले देत: ५ फेब्रुवारी १७२०/२१. अशी तिरकी रेघ असेल तर शंकाच उरत नाही. ती नसेल तर मूळ वहीची पाने पाहावीत. सालाचा मथळा डिसेंबरनंतर बदलला आहे की मार्चच्या अखेरीस, हे लगेच दिसते. एक पुरावा तर अगदी निर्णायक असतो. २९ फेब्रुवारी १७१९ अशी तारीख सापडली, तर वर्ष मार्चमध्ये बदलत होते हे नक्की समजावे. १७१९ ला चारने भाग जात नाही, त्यामुळे तो दिवस आजच्या मोजणीने १७२० चाच असू शकतो.

आयझॅक न्यूटनचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या त्याच्या स्मारकावर जन्म २५ डिसेंबर १६४२ आणि मृत्यू २० मार्च १७२६ असे कोरलेले आहे. आजच्या सवयीने वजाबाकी केली, तर १७२६ च्या मार्चमध्ये चौऱ्याऐंशीवा वाढदिवस यायचा असतो, म्हणून वय ८३ निघते. पण २० मार्च ही तारीख २५ मार्चच्या अलीकडची, म्हणजे सरत्या १७२६ च्या शेवटच्या आठवड्यातली आहे. त्या वर्षातला २५ डिसेंबर आधीच होऊन गेला होता. आजच्या सालाने मृत्यू १७२७ मधला ठरतो आणि न्यूटनचे वय ८४ वर्षे ८५ दिवस भरते.

हाच हिशेब ग्रेगोरियन तारखांनी करून पाहिला, तर जन्म ४ जानेवारी १६४३, मृत्यू ३१ मार्च १७२७ आणि वय ८४ वर्षे ८६ दिवस. हा एक दिवस वाढला कसा? सतराव्या शतकात दोन पंचांगांतले अंतर दहा दिवसांचे होते. १७०० हे साल ज्युलियन गणनेत लीप वर्ष होते, ग्रेगोरियनमध्ये नव्हते, म्हणून त्यानंतर ते अकरा झाले. प्रत्यक्ष जगलेले दिवस तेवढेच आहेत. मात्र जन्म एका पद्धतीचा आणि मृत्यू दुसऱ्या पद्धतीचा घेतला, की उत्तर चुकते.

१७५२ च्या अलीकडे जन्मून पलीकडे वारलेल्या माणसाच्या बाबतीत ही सरमिसळ नोंदींमध्येच झालेली असते. ५ जून १७४० ला जन्मलेला माणूस १० जून १७९० ला वारला, तर सरळ वजाबाकीने पन्नाशी पूर्ण झालेली दिसते. जन्मतारखेत अकरा दिवस मिळवले की ती नव्या पद्धतीने १६ जून होते आणि पन्नाशीला अजून सहा दिवस बाकी राहतात. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते. कुणाचे सज्ञान होण्याचे वय पंचांग बदलल्यामुळे अलीकडे येणार नाही, प्रत्यक्ष दिवस भरल्यावरच ते पूर्ण होईल, अशी तरतूद त्या कायद्यातच होती. ४ सप्टेंबर १७३१ ला जन्मलेल्या तरुणाला एकविसाव्या वाढदिवशी पंचांगात ४ सप्टेंबर सापडलाच नसता. कायद्याने तो १५ सप्टेंबरला सज्ञान झाला. तरीही घरोघरी वाढदिवस कोणत्या तारखेला पाळला गेला, हे त्या त्या कुटुंबावर होते. म्हणून थडग्यावर वर्षे, महिने आणि दिवस असे वय कोरलेले असेल, तर मागे मोजून येणाऱ्या तारखेसोबत तिच्या अकरा दिवस अलीकडची नोंदही शोधावी लागते.

हाच प्रश्न मराठी इतिहासातही येतो. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे, म्हणजे शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया. यातला दिवस ज्युलियन आहे, साल मात्र १ जानेवारीपासून मोजलेले आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो. त्या काळच्या इंग्रजाने तीच तारीख कायदेशीर सालात लिहिली असती, तर १९ फेब्रुवारी १६२९ अशी लिहिली असती. मृत्यूची ३ एप्रिल १६८० ही तारीखही ज्युलियनच आहे, त्यामुळे महाराजांचे वय ५० वर्षे आणि सुमारे दीड महिना हे बरोबर निघते. १६२९ धरून वजाबाकी केली असती, तर ५१ आले असते. त्या काळच्या मुंबईच्या इंग्रजांची आणि गोव्याच्या पोर्तुगिजांची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचताना हे भान जास्तच लागते, कारण पोर्तुगिजांनी ग्रेगोरियन पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले होते. एकाच दिवसाची गोव्याची तारीख मुंबईच्या दहा दिवस पुढे असे.

दुरुस्ती करण्याआधी ती कुणी आधीच केलेली नाही ना, हेही पाहावे. छापील सूच्यांमध्ये संपादकाने कधी साल बदललेले असते, कधी मूळचेच ठेवलेले असते. बदललेल्या सालात पुन्हा एक मिळवले, की उलट दिशेने चूक होते. स्कॉटलंडच्या नोंदींमध्ये तर सालाला हात लावायचाच नाही, कारण तिथे १६०० पासूनच वर्ष १ जानेवारीला सुरू होत होते. गाळलेल्या दिवसांसाठी मात्र तिथेही १७५२ हेच साल धरायचे. म्हणून वही उतरवून घेताना तारीख मुळात जशी आहे तशीच लिहावी, आजचे साल तिच्या शेजारी वेगळे मांडावे आणि वजाबाकी दोन्ही तारखा एका पद्धतीत आणल्यावरच करावी.