कथेचा खर्डा वाचून काय सांगावं?

दिवाळी अंकाला कथा पाठवण्याआधी ती दोन-चार मित्रांना वाचायला दिली, की हमखास एक अभिप्राय येतो: ‘छान जमलीय, शेवट मात्र आणखी फुलवता आला असता.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण एवढ्यावर कथेतली एक ओळही बदलता येत नाही. त्याऐवजी वाचकाने तीन गोष्टी सांगाव्यात: काय जमलंय, कुठे गोंधळ होतो आणि काय करून पाहता येईल. सांगण्याचा क्रमही हाच ठेवावा.

एक उदाहरण घेऊ. नायिका शालन बारा वर्षांनी माहेरी येते. खर्ड्यातल्या ओळी अशा: ‘एसटी फाट्यावर थांबली. शालननं पिशवी खांद्याला लावली. कडी काढताना तिचा हात थरथरला. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. अडकित्ता थांबला नाही.’

आधी जमलेलं सांगावं, पण बोट ठेवून. ‘भाषा ओघवती आहे’ म्हणण्यापेक्षा ‘अडकित्ता थांबला नाही, एवढ्यावरून मला त्या घरातला अबोला कळला’ असं म्हणावं. पुनर्लेखन करताना लेखक बऱ्याचदा नेमकी चांगली ओळ अनावश्यक समजून काढून टाकतो. ती का ठेवायची, हे त्याला आधीच कळलेलं बरं.

तिन्हींत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गोंधळ. तिथे वाचकाला मत द्यायचंच नसतं, वाचताना स्वतःचं काय झालं तेवढं सांगायचं असतं. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३च्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात यावरच भर दिला होता: निवाडा करू नका, शब्द वाचताना मनात काय काय घडत गेलं ते सांगा. आपल्या खर्ड्याबद्दल वाचक म्हणेल, ‘तो म्हणजे शालनचे वडील असं मी धरून चाललो. दोन पानांनी कळलं की तो भाऊ आहे, मग मला मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं.’ यावर लेखकाला वाद घालता येत नाही, कारण वाचक अडखळला ही घडलेली गोष्ट आहे.

पण लेखकाने ‘तो’ मुद्दाम मोघम ठेवला असेल तर? इथे एक फरक नीट ओळखावा लागतो. ‘हा कोण असेल?’ असा प्रश्न पडून वाचक पुढे सरकला, तर ती उत्सुकता आहे. प्रश्न न पडता त्याने चुकीचं उत्तरच गृहीत धरलं, तर मात्र कथा त्याच्या हातून निसटली. म्हणून ‘मला कळलं नाही’ एवढ्यावर न थांबता ‘मला काय वाटलं होतं’ हेही सांगावं. चारपैकी तिघे त्याच ओळीवर अडखळले, तर दुरुस्ती हवीच. एकटाच अडखळला असेल, तर लेखकाने ती ओळ पुन्हा वाचावी आणि स्वतः ठरवावं.

शेवटी करून पाहण्याजोगं. सूचना अडलेल्या जागेशीच बांधलेली आणि छोटी असावी: ‘तो’च्या जागी ‘दादा’ लिहून पाहा, किंवा मोघमपणा हवाच असेल तर त्याचे काळेभोर केस दाखव, म्हणजे वडील वाटणार नाहीत. ‘शालनला परत यायलाच लावू नकोस’ ही सूचना नव्हे, ती वाचकाची स्वतःची कथा झाली.

एका बैठकीत एकाच थराकडे पाहावं. अमेरिकेतल्या बॉइझी शहरातल्या पहिलीच्या एका मुलाने काढलेल्या फुलपाखराचं चित्र शिक्षणतज्ज्ञ रॉन बर्गर नेहमी दाखवतात. वर्गमित्रांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सुचवलं. आकार जमल्यावर मग नक्षीबद्दल. सहाव्या खेपेचं चित्र पहिल्याशेजारी ठेवलं, तर एकाच मुलाचं वाटत नाही. कथेतही प्रसंग आणि पात्रं उभी राहण्याआधी ऱ्हस्वदीर्घ तपासत बसू नये. तो परिच्छेदच उद्या निघून जाईल.

बैठकीची रीत सोपी आहे. खर्डा दोन दिवस आधी द्यावा. पहिलं वाचन पेन्सिल हातात न घेता करावं, दुसऱ्या वेळी जमलेल्या जागी बरोबरची खूण आणि अडलेल्या जागी प्रश्नचिन्ह करावं. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत लेखकाने गप्प बसून लिहून घ्यावं. हे अवघड जातं, पण त्याने ‘तो भाऊ आहे’ असं मध्येच सांगितलं, की पुढच्या वाचकाचा खरा गोंधळ कधीच कळत नाही. छापलेल्या पानाबरोबर खुलासा करायला लेखक जाणार नसतो.

पुढच्या वेळी कुणी कथा हातात दिली, तर निदान एक प्रश्नचिन्ह त्या ओळीशेजारी करा आणि तिथे तुम्हाला काय वाटलं होतं, ते समासात लिहून परत द्या.