चार वर्षांच्या चित्रकाराच्या हाती मोबाइल देण्याआधी

चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. पडद्यावर जे चमकतं, हलतं, त्यावर ते बोट ठेवतं. चित्र रंगवण्याच्या बहुतेक फुकट अॅपची कमाई याच बोटावर चालते. दहा-बारा चित्रं उघडी ठेवायची, बाकीच्यांवर कुलूप लावायचं. कुलपाला हात लागला की जाहिरात किंवा वर्गणीचं पान समोर आणायचं. जाहिरात बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही बारीक. मोठ्यांचंही बोट तिथे चुकतं. म्हणून पालकांना दोन कामं वेगवेगळी करावी लागतात: अॅप नीट निवडणं आणि फोन नीट बंदिस्त करणं.

अँड्रॉइड फोनवर निवडीची सुरुवात प्ले स्टोअरमधल्या अॅपच्या नावाखालच्या बारीक ओळीपासून करावी. 'Contains ads' म्हणजे जाहिराती आहेत आणि 'In-app purchases' म्हणजे आत काहीतरी विकायला ठेवलेलं आहे. या दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसेल तरच पुढे जावं. 'Teacher Approved' हा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये. अॅप मुलांच्या वयाला साजेसं आहे का, हे त्यातून कळतं. असा शिक्का मिळालेल्या अॅपमध्येही जाहिराती आणि खरेदी असू शकते. अॅप घेतल्यावर मुलाच्या हाती देण्याआधी आपण स्वतः दहा मिनिटं दिसेल ते बटण दाबून पाहावं. कुठे कुलूप, किंमत किंवा दुसऱ्या अॅपचं चित्र दिसलं, तर ते अॅप लगेच काढून टाकावं.

या कसोटीला उतरणारं एक अॅप म्हणजे 'टक्स पेंट'. बिल केंड्रिक यांनी 2002 मध्ये ते सुरू केलं आणि आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. ते पूर्ण मोफत आहे, आत जाहिरात नाही, विकायला काही नाही. संगणकावरही चालतं, अँड्रॉइडवरही. मराठी भाषांतरही झालेलं आहे. डावीकडे ब्रश, शिक्के, जादूची साधनं. उजवीकडे त्यांचे प्रकार. खाली रंगांची ओळ आणि सूचना देणारा पेंग्विन. ब्रश फिरवला की आवाज येतो, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलालाही आपण काय केलं ते कळतं. 'New' दाबलं की कोऱ्या कागदांसोबत रेखाचित्रंही दिसतात. त्यांवर कितीही रंग फासला तरी काळी रेघ पुसली जात नाही. चित्र जतन करताना नाव विचारलं जात नाही, त्यामुळे मूल तिथे अडत नाही. अडचण एकच: लहान फोनवर बटणं फार बारीक होतात. टॅबलेट किंवा घरचा जुना लॅपटॉप असेल तर त्यावरच द्यावं.

अॅप चांगलं निवडलं तरी प्ले स्टोअर त्याच फोनवर असतं, म्हणून दुसरं काम. 2014 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मुलांनी न कळत केलेल्या खरेदीवरून अॅपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत करायला लावले. अॅपलला किमान 3.25 कोटी डॉलर, गूगलला किमान 1.9 कोटी. दोन्हीकडची गोम सारखीच होती. आईवडिलांनी एकदा पासवर्ड टाकला की अॅपलवर 15 आणि गूगलवर 30 मिनिटं पुढच्या खरेदीला पासवर्ड लागतच नव्हता, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून 'Settings' मध्ये जावं आणि खरेदीच्या पडताळणीचा पर्याय शोधावा. नव्या आवृत्तीत त्याचं नाव 'Purchase verification' आहे, जुन्यात 'Authentication'. तिथे प्रत्येक खरेदीला पडताळणी हवी, हाच पर्याय निवडावा. अर्ध्या तासाची सवलत नको. ओटीपीवर विसंबून राहू नये, कारण प्ले खात्यात गिफ्ट कार्डाची शिल्लक असेल तर ती खर्च व्हायला बँकेचा ओटीपी लागत नाही. आणि गंमत म्हणून मुलाच्या बोटाचा ठसा फोनमध्ये नोंदवला असेल, तर तो काढून टाकावा. त्याच ठशाने खरेदीला मंजुरी मिळू शकते.

शेवटी मुलाला त्या एकाच अॅपमध्ये ठेवण्याची सोय. फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'App pinning' शोधून चालू करावं. काही फोनवर त्याचं नाव थोडं वेगळं असतं. सोबत पिन काढताना कुलूप विचारण्याचा पर्यायही चालू करावा, नाहीतर दोन बटणं एकदम दाबून मूल बाहेर पडतं. मग टक्स पेंट उघडून, अलीकडच्या अॅपच्या यादीत जाऊन, त्याच्या चिन्हावर टिचकी मारून 'Pin' निवडलं की झालं. आयपॅडवर हेच काम 'Guided Access' करतं, आणि 'Screen Time' मधून अॅपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते. ही सगळी मांडणी एकदाच करावी लागते. फोन बदलला किंवा नवं खातं जोडलं, तर मात्र पुन्हा तपासावी.