आत्ताच आलेल्या काकांना 'गुड नाईट'?

परवा रात्री साडेआठला आमच्या दाराची बेल वाजली. माझी सात वर्षांची भाची धावत गेली आणि तिनं दार उघडलं. बाहेर शेजारचे काका उभे होते. काकूंनी केलेल्या नारळाच्या वड्यांची वाटी त्यांच्या हातात होती. भाची मोठ्या आनंदानं म्हणाली, "गुड नाईट काका!"

काका उंबऱ्यातच थांबले आणि हसत म्हणाले, "अगं, मी आत्ताच आलोय. लगेच घालवतेस की काय मला?"

भाची गोंधळली. काका गेल्यावर तिनं मला विचारलं, "बाहेर अंधार आहे ना? म्हणजे रात्र झालीय. मग गुड नाईट का नाही म्हणायचं?"

दोस्तांनो, प्रश्न अगदी रास्त आहे. तिची वेळ चुकलीच नव्हती. चुकलं होतं ते दुसरंच काहीतरी. भेटल्यावर आपण जे शब्द बोलतो, ते नुसतं घड्याळ बघत नाहीत. समोरचा माणूस येतोय की निघालाय, हेही ते बघतात. 'गुड मॉर्निंग', 'गुड आफ्टरनून' आणि 'गुड ईव्हनिंग' हे तिन्ही शब्द भेटताना म्हणायचे. 'गुड नाईट' मात्र फक्त निरोपाचा. म्हणून लग्नाच्या रिसेप्शनला रात्री दहा वाजता कुणी भेटलं, तरी म्हणायचं 'गुड ईव्हनिंग' आणि घरी निघताना 'गुड नाईट'. टीव्हीवर रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या लागल्या की नीट ऐका. सुरुवातीला 'गुड ईव्हनिंग' असतं आणि शेवटी 'गुड नाईट'. मधल्या अर्ध्या तासात संध्याकाळची रात्र होत नाही, भेटीचा निरोप होतो! आपलं 'शुभ रात्री'ही असंच आहे. ते झोपायला जाताना किंवा फोन ठेवताना शोभतं, दार उघडताना नाही.

पण हा नियम साऱ्या जगाचा नाही बरं का. स्पेनमध्ये रात्रीचा शब्द आहे 'बुएनास नोचेस', आणि तो येतानाही चालतो, जातानाही चालतो. म्हणजे आमची भाची माद्रिद शहरात राहत असती, तर तिचं बरोबर ठरलं असतं का?

थांबा, घाई नको. आधी महिना कोणता ते विचारा. डिसेंबरात माद्रिदला सूर्य सहाच्या आधीच मावळतो. तेव्हा रात्री साडेआठला दारात आलेल्या काकांना 'बुएनास नोचेस' म्हणणं अगदी बरोबर. जूनच्या शेवटी मात्र तिथे सूर्य मावळायला पावणेदहा होतात. साडेआठला बाहेर लख्ख ऊन असतं. अशा उन्हात 'बुएनास नोचेस' म्हटलं तर काका चमकूनच बघतील. तेव्हा म्हणायचं 'बुएनास तार्देस'. या एकाच शब्दात आपली दुपार आणि संध्याकाळ दोन्ही येतात. घड्याळात वेळ तीच, दार तेच, काका तेच. पण सूर्य बदलला की शब्द बदलला.

सकाळ कधी संपते, याचं उत्तर तर तिथे आणखी गमतीचं आहे. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमाराला होतं. त्यामुळे दीड वाजता रस्त्यात भेटलेला माणूससुद्धा 'बुएनोस दीआस', म्हणजे सकाळचं अभिवादन करतो. अजून जेवण कुठे झालंय? जेवण झालं की मग दुपार सुरू. म्हणजे तिथे दिवसाच्या एका टोकाची हद्द ताट ठरवतं आणि दुसऱ्या टोकाची सूर्य!

आता आपल्याकडे येऊ. 'दुपार' हा शब्द जरा फोडून बघा. दु म्हणजे दोन आणि पार म्हणजे प्रहर. पूर्वी दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर मोजायचे. म्हणजे एक प्रहर तीन तासांचा झाला. सहाला सूर्य उगवला असं धरा. पहिला प्रहर नऊला संपला, दुसरा बाराला. दोन प्रहर झाले की दुपार! सूर्य डोक्यावर आला, हे सांगणारं घड्याळच या शब्दात बसवलेलं आहे. 'संध्या' म्हणजे सांधा, दिवस आणि रात्र जिथे जोडली जातात ती जागा. हा सांधाही सरकत असतो. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि जूनअखेर सव्वासात होऊन जातात. म्हणूनच हिवाळ्यात खेळायला गेलेल्या मुलांना आई लवकर हाका मारते.

आपल्याकडे वेळांना इतकी नेमकी नावं आहेत. मग वेळेप्रमाणे अभिवादनंही असतीलच ना? आठवून बघा. दुपारी एक वाजता तुमची आजी शेजारच्या आजींना 'शुभ दुपार' म्हणाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही ऐकलं. 'शुभ सकाळ' मोबाइलवर फुलांच्या चित्रासोबत येतं. कार्यक्रमात निवेदक 'शुभ संध्याकाळ' म्हणतात. पण जिन्यात भेटलेल्या काकूंना कुणी असं म्हणत नाही. हे शब्द इंग्रजी अभिवादनांच्या साच्यावर घडवलेले आहेत. लिहिताना आणि माईकसमोर ते चालतात, जिन्यात मात्र अवघडतात.

आपली रोजची अभिवादनं घड्याळ बघतच नाहीत. 'नमस्कार' पहाटेही चालतो आणि मध्यरात्रीही. 'राम राम', 'रामकृष्ण हरी', 'जय भीम', 'सलाम' हे सगळे शब्द आठही प्रहर चालतात. त्यातला 'राम राम' तर येताना आणि जाताना, दोन्ही वेळा म्हणतात. म्हणूनच एखाद्यानं नोकरी सोडली की 'त्यानं नोकरीला रामराम ठोकला' असं आपण म्हणतो. तिथे तो निरोपाचा राम राम असतो.

मग मराठी माणूस वेळ बघतच नाही का? बघतो की! पण वेळ तो नमस्कारात घालत नाही, त्याच्या पुढच्या वाक्यात घालतो. सकाळी आठला तुमचे बाबा जिन्यात शेजारच्या आजोबांना भेटले की काय म्हणतात? "काय, झाला का चहा?" दुपारी एक-दोनला, "जेवलात का?" संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या आजोबांना, "काय, निघालात का फिरायला?" आणि रात्री नऊला पुन्हा, "झाली का जेवणं?"

आजोबा चप्पल घालून, हातात काठी घेऊन चालायला लागलेले असतात. ते फिरायला निघालेत, हे उघड दिसत असतं. तरी बाबा विचारतात. कारण तो प्रश्न नसतोच, ते अभिवादन असतं. आजोबाही "हो, जरा बागेपर्यंत" एवढंच म्हणतात आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. दुपारी "जेवलात का?"ला "हो, तुमचं झालं?" इतकं उत्तर पुरतं. ताटात कोणती भाजी होती, ते सांगायचं नसतं.

हेच वाक्य भलत्या वेळी बोलून बघा. दुपारी साडेचारला कुणी "जेवलात का?" असं विचारलं, तर ते अभिवादन राहत नाही. तो खराखुरा प्रश्न होतो. समोरचा विचारात पडतो, 'माझा चेहरा उतरलाय का? यांना मी उपाशी वाटलो का?' सकाळी साडेसहाला "झाली का जेवणं?" म्हटलं, तर ऐकणारा बघतच राहील. वाक्य तेच, पण त्याची वेळ निघून गेली की ते ओळखू येत नाही.

संध्याकाळची गोष्ट थोडी वेगळी आहे. दिवेलागणीला पुष्कळ घरांत देवापाशी दिवा लावतात, मुलं शुभंकरोती म्हणतात आणि मग घरातल्या मोठ्यांना नमस्कार करतात. सकाळपासून ज्या आजीच्या अवतीभोवती आपण होतो, तिलाच हा नमस्कार असतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही असंच घडतं. संध्याकाळची 'तेर्स' नावाची प्रार्थना संपली की मुलं मोठ्यांकडे 'बेसांव' मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद. झोपायला जाताना कोकणीत 'देव बरी रात दिवं' म्हणतात, म्हणजे देव चांगली रात्र देवो. प्रार्थना निराळ्या आहेत, पण दिवस आणि रात्रीच्या सांध्यावर मोठ्यांपुढे वाकायचं, हे दोन्ही घरांत सारखं आहे.

घरच्यांना काय म्हणायचं आणि बाहेरच्यांना काय, हा फरक जपानी भाषेत फार स्पष्ट आहे. सकाळी 'ओहायो' म्हणायचं. त्याचं मूळ 'लवकर' या अर्थाच्या शब्दात आहे. हे घरी आईलाही म्हणतात. दिवसा 'कोन्निचिवा' आणि अंधार पडल्यावर 'कोम्बानवा', पण हे दोन्ही बाहेरच्या माणसांसाठी. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन आईला 'कोन्निचिवा' म्हटलं, तर ती म्हणेल, "मी काय पाहुणी आहे?" झोपताना मात्र 'ओयासुमी' घरातही म्हणतात. आणखी एक मौज ऐका. तिथल्या हॉटेलांत आणि टीव्हीच्या स्टुडिओत संध्याकाळी कामावर आलेली माणसंही सोबत्यांना 'ओहायो गोझाइमास' म्हणतात. बाहेर सूर्य मावळलेला असतो, पण त्यांच्या कामाची सकाळ तेव्हाच उगवते.

आता काकांकडे परत जाऊ. भाचीनं दार उघडून काय म्हणायला हवं होतं? "या काका!" बस, एवढंच. आपल्या भाषेत दार उघडायचा हा सगळ्यात सोपा शब्द आहे आणि तो चोवीस तास चालतो. काका निघताना काय म्हणाले, तेही मी तिला आठवायला लावलं. ते 'जातो' म्हणाले नाहीत. "चला, येतो" म्हणाले, आणि आम्हीही "या हं" म्हणालो. निघालेला माणूस 'येतो' म्हणतो, म्हणजे पुन्हा येईन असं सांगून जातो. 'गुड नाईट' म्हणायचीच हौस असेल, तर ती जागा इथे होती, 'येतो'च्या शेजारी.

उद्या एक काम करा. वहीच्या पानावर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार रकाने आखा. घरात, जिन्यात, दुकानात भेटताना आणि निघताना मोठी माणसं काय बोलतात, ते शब्द जसेच्या तसे टिपा. शेजारी 'येताना' की 'जाताना' तेही लिहा. कुणाला सांगू नका, नाहीतर माणसं मुद्दाम वेगळं बोलतील. रात्री वही उघडा आणि मोजा, 'शुभ' कितीदा आलं आणि 'झाला का चहा?' कितीदा.